अजेंड्यातला तिसरा मुद्दा

केंद्रात तिला सगळे चौकटताई म्हणत. तोंडावर नाही, पण ते तिच्या कानावर आलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडलंही होतं. माणसाला नाव ठेवायचंच तर त्याच्या कामावरून ठेवावं, असं तिचं मत.

केंद्र दुसऱ्या मजल्यावर होतं. खाली चष्म्याचं दुकान, वर मन दुखावलेल्या माणसांची रीघ. ती तिथे समुपदेशक होती. विचार आणि वागणं यांची गाठ सोडवून दाखवणारी जी उपचारपद्धती आहे, ती तिची. आलेला माणूस पन्नास मिनिटं समोर बसतो, बोलतो, जातो, आणि मग त्या पन्नास मिनिटांची नोंद करायची असते. ती या केंद्रात आली तेव्हा या नोंदी म्हणजे सगळा आनंदीआनंद होता. 'आज उदास वाटले. बरंच बोलले. धीर दिला. पुढच्या आठवड्यात बोलावलं.' पानंच्या पानं धीर दिलेला. एकदा एक सहकारी अचानक लांबच्या रजेवर गेला आणि त्याची माणसं हिच्या वाट्याला आली, तेव्हा त्यांच्यावर वर्षभर नेमकं काय केलं हे कुणालाच सांगता येईना. धीर दिला होता, एवढं नक्की.

मग हिने कंबर कसली आणि प्रत्येक नोंदीला चार चौकटी पाडल्या.

पहिली चौकट अजेंड्याची. सुरुवातीलाच दोघांनी मिळून ठरवायचं की आज कशावर बोलायचं. दोन मुद्दे, फार तर तीन. प्रत्येक मुद्द्यापुढे एक अक्षर घालायचं, आलेल्या माणसाने मांडला तर 'आ', समुपदेशकाने मांडला तर 'स'. ही अक्षरांची टूम तिची स्वतःची. नव्याने रुजू होणाऱ्यांना ती सांगायची, अजेंडा दोघांचा असतो, एकट्याचा असला तर त्याला भाषण म्हणतात.

दुसरी चौकट तपासलेल्या विचारांची. विचार माणसाच्याच शब्दांत लिहायचा, आपल्या शब्दांत घासूनपुसून नाही. त्यावर त्याचा किती टक्के विश्वास आहे, बाजूने काय पुरावा, विरुद्ध काय, सगळं पाहून दुसरा कुठला विचार जास्त पटतो, आणि आता पहिल्यावर किती विश्वास उरला. तिसरी गृहपाठाची. मागचा झाला, अर्धवट झाला की राहिला, राहिला तर कशामुळे, आणि पुढचा काय ठरला. 'कशामुळे' या रकान्यावर तिचा फार जीव. गृहपाठ राहिला म्हणजे माणूस आळशी, असं समजणाऱ्यांचा तिला राग यायचा. आड काहीतरी आलेलं असतं, ते शोधा, म्हणायची. चौथी चौकट प्रगतीच्या आकड्यांची. नऊ प्रश्नांची उदासीची प्रश्नावली, जिची बेरीज सत्तावीसपर्यंत जाऊ शकते, आणि शिवाय मनःस्थितीला शून्य ते दहापैकी गुण.

संध्याकाळी शेवटचा माणूस गेला की ती खिडकीजवळ बसून नोंदी पुऱ्या करायची. गर्दीत चुकलेली पोरं एकेक करून घरी पोचावीत, तसं तिला तेव्हा वाटायचं. मग ती स्वतःच्या घरी पोचायची आणि तिथे मात्र कुठल्याच चौकटीत घालण्यासारखं काही नसायचं.

घर तसं छान होतं. आई होती तोवर त्यात दोन माणसांचे आवाज होते. आई गेली आणि औषधांच्या वेळा गेल्या, रात्री दोनदा उठणं गेलं, चहात साखर जास्त पडल्याची तक्रार गेली. पहिले काही दिवस चौकटताईला सुटल्यासारखं वाटलं होतं. त्याची नंतर तिला लाज वाटली, आणि लाज ओसरल्यावर नुसतं रिकामं वाटायला लागलं. लग्न झालं नव्हतं. त्याची कारणं बरीच होती आणि एकही रंगवून सांगण्यासारखं नव्हतं. धाकटी बहीण दुसऱ्या गावी, नवरा, दोन मुलं, शाळेची नोकरी. तिचा फोन रविवारी सकाळी यायचा. दोघी हवेबद्दल आणि गुडघ्यांबद्दल बोलायच्या, मग धाकटी म्हणायची, चल, ठेवते, आणि ठेवायची. मधल्या दिवशी आपण करावा असं चौकटताईच्या मनात कधीकधी यायचं. पण तिच्या घरात संध्याकाळची धांदल असेल, आपण कशाला मध्ये लुडबुडायचं, असं म्हणून ती टीव्ही लावायची. बघायला नाही, घरात कुणीतरी बोलतंय म्हणून.

कवळीकाका तिच्याकडे आले ते अशा दिवसांत.

हे नाव अर्थात तिने मनातल्या मनात ठेवलेलं. काकांनी चाळीसेक वर्षं दातांच्या कवळ्या बनवल्या होत्या. शहरातली निम्मी म्हातारी माणसं काकांच्या दातांनी जेवत होती. मग हात थरथरायला लागले, काम बंद झालं. त्याआधी बायको गेली होती. मुलगी लांब, तिचा फोन रविवारचा. काका घरात बसून राहिले, आधी कंटाळा म्हणून, मग सवय म्हणून, मग उठवत नाही म्हणून. मुलीने आग्रह करून पाठवलं तेव्हा त्यांची बेरीज अठरा होती. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, या शेवटच्या प्रश्नाला त्यांनी शून्य लिहिलं होतं. तरी तिने तोंडी विचारून खात्री करून घेतली, आणि पुढे दर वेळी करत राहिली.

त्यांचा मुख्य विचार तिने त्यांच्याच शब्दांत लिहिला होता. 'मी कुणाकडे गेलो की त्यांना ओझं होतं.' विश्वास नव्वद टक्के. पुरावा विचारला तर काका म्हणाले, पुरावा कशाला पाहिजे, दिसतंच ना. तेव्हा तिने त्यांना एक प्रयोग दिला. मुलीला रविवार सोडून मधल्याच दिवशी फोन करायचा, आणि काय होईल ते आधी कागदावर लिहून ठेवायचं. काकांनी लिहिलं, दोन मिनिटांत म्हणेल की कामात आहे. पुढच्या गुरुवारी ते विजयी चेहऱ्याने आले. मुलगी अगदी तेच म्हणाली होती. चौकटताईने विचारलं, आणि मग? मग काय, काका म्हणाले, संध्याकाळी तिनेच उलट फोन केला, आणि तासभर ऑफिसातल्या भांडणाचं सांगत बसली, मला मेलीने जेवू दिलं नाही. हे बोलता बोलता काका थांबले. मग म्हणाले, हं. त्या एका 'हं'मध्ये नव्वदाचे साठ झाले होते.

असं काम चालू असलं की तिला दुसरं काही नको व्हायचं. गुरुवारी पाच वाजता काका यायचे, खुर्ची जराशी तिरकी करून बसायचे. भिंतीवरचं घड्याळ त्यांच्या डोक्यामागे असायचं, म्हणजे वेळेकडे लक्ष ठेवण्याचं काम तिचं. एकदा जाता जाता ते दाराशी वळले आणि म्हणाले, मॅडम, सकाळी उठल्यावर तुमचा जबडा दुखतो का? रात्री दात आवळत असाल, तुमच्या गालावरून वाटतं. तिने हसून विषय टाळला. पण जबडा खरंच दुखायचा. आणि आपलं काही दुखतं का, हे कुणी विचारून किती काळ लोटला, हे घरी जाताना आठवायला गेली तर तिला आठवेना. त्या संध्याकाळी तिने टीव्ही लावला नाही.

काका सुधारत गेले. भाजी आणायला स्वतः जायला लागले, शेजाऱ्याच्या तुटक्या कवळीला थरथरत्या हातांनी का होईना जोड दिला. अठराचे तेरा झाले, तेराचे आठ, आठाचे चार. सलग तीन गुरुवार बेरीज पाचाच्या आत राहिली. केंद्राचा रिवाज असा की एवढं झालं की निरोपाचं बोलायचं. भेटी लांबवायच्या, पुन्हा घसरण झाली तर काय करायचं याचा आराखडा माणसाच्या हाती द्यायचा, आणि जागा मोकळी करायची. बाहेर वाट पाहणाऱ्यांची यादी लांबलचक होती.

चौकटताई निरोपाचं बोलली नाही. तिला मुद्दे सुचत गेले. झोपेच्या वेळा. कामातला नीटनेटकेपणाचा हट्ट. लहानपणी वडिलांचा धाक. काका प्रत्येकावर मन लावून बोलायचे, कारण समोरच्याचा मान राखणारा माणूस. मुद्दे सगळे बरोबर होते, पुस्तकात शोभण्यासारखे. प्रत्येकापुढे ती 'स' लिहायची. खोटं लिहिणं तिच्या रक्तात नव्हतं.

मध्यंतरी काकांच्या जुन्या कारागीर मित्रांनी त्यांना पत्त्यांच्या डावाला बोलावलं. डाव गुरुवारी संध्याकाळी पाचला बसायचा. गृहपाठ ठरला, एकदा तरी जाऊन बघायचं. पुढच्या वेळी तिने नोंदलं, गृहपाठ राहिला. कशामुळे, तर 'सत्राची वेळ'. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा राहिला, पुन्हा 'सत्राची वेळ'. तिने ते सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि पान उलटलं. आपली वेळ बदलावी असं तिच्या डोक्यातच आलं नाही, आणि आलं असतं तरी बाकीच्या वेळा भरलेल्या आहेत हे अर्धंमुर्धं कारण तयार होतं.

मग एका गुरुवारी बेरीज सात आली. तिने शेजारी लिहिलं, चढउतार अपेक्षित.

महिन्यातून एकदा सगळे समुपदेशक आपापल्या नोंदी घेऊन मोठ्या बाईंकडे बसत. मोठ्या बाई म्हणजे केंद्रातल्या सगळ्यांत अनुभवी. आता माणसं तपासत नसत, तपासणाऱ्यांना तपासत. त्यांच्या खोलीत पंखा कुरकुरायचा आणि त्या तो दुरुस्त करू देत नसत, कारण बाहेर आवाज जात नाही म्हणे. या वेळी त्यांना चौकटताईच्या नोंदी नमुना म्हणून हव्या होत्या. नव्या लोकांना दाखवायला, नावगाव काढून आणि काकांची लेखी संमती घेऊन. चौकटताई सगळी पानं नीट लावून घेऊन गेली. कौतुकाची तिला अपेक्षा होती, नाही असं नाही.

मोठ्या बाई शिसपेन्सिल हातात धरून सावकाश वाचतात. आधी त्यांनी फक्त आकडे वाचले. मान डोलावली. मग विचारांची चौकट, तिथेही मान डोलावली. मग त्या मागे गेल्या आणि फक्त अजेंडे वाचायला लागल्या. पहिल्या काही पानांवर आ, आ, स, आ. नंतर आ, स. नंतर पेन्सिल थांबत थांबत जायला लागली.

"अगं," त्या म्हणाल्या, "इथून पुढे सगळे 'स'च आहेत. यांच्याकडे मांडायला काही नव्हतं?"

चौकटताई म्हणाली की ते विचारल्यावर म्हणायचे, तुम्हीच ठरवा मॅडम, माझं ठीक चाललंय.

"माझं ठीक चाललंय," मोठ्या बाईंनी परत म्हणून पाहिलं. मग पेन्सिल गृहपाठाच्या चौकटीत उतरली आणि 'सत्राची वेळ' या शब्दांखाली टेकली. पुढच्या पानावर पुन्हा तेच शब्द, पुन्हा पेन्सिल.

चौकटताईने ते शब्द पाहिले. स्वतःचंच अक्षर, काना-मात्रा जागच्या जागी. आड काहीतरी आलेलं असतं, ते शोधा, असं ती किती जणांना शिकवत आली होती. या माणसाच्या आड ती स्वतः येऊन बसली होती, आणि तशी नोंदही तिने स्वतःच करून ठेवली होती, दोनदा.

मोठ्या बाईंनी मग ते सात दाखवले. हे काय, विचारलं. चढउतार, ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला त्या दिवशीचं काकांचं बोलणं आठवलं. ते तिने दुसऱ्या चौकटीत लिहिलंही होतं, कारण माणसाचे शब्द ती कधी गाळत नसे. लिहिलं होतं, पण तपासलं नव्हतं. टक्के नव्हते, पुरावा नव्हता, चौकट अर्धी कोरी होती. मोठ्या बाईंनी ते मोठ्याने वाचलं.

"'मॅडम शिकलेल्या आहेत. अजून बोलावतायत म्हणजे त्यांना काहीतरी दिसत असणार. मी बरा झालो असं मला उगाच वाटत होतं.'"

पंखा कुरकुरत राहिला. मोठ्या बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं चौकटताईला वाटलं. त्या रागावल्या नाहीत. पानं बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, उद्या यांना निरोप दिलास तर काय होईल असं मनात येतं?

"त्यांचं परत बिघडेल."

"किती टक्के वाटतं?"

तिने प्रामाणिकपणे पाहिलं. "वीस."

"मग बाकीचं काय आहे?"

हा प्रश्न तिने शेकडो जणांना विचारला होता, इतक्याच हळू आवाजात. तिने कधी कल्पनाही केली नव्हती की तो असा पोटात जाऊन लागतो.

"गुरुवार रिकामा होईल," ती म्हणाली. "मला कुणी विचारत नाही बाई. ते विचारतात."

म्हणताना तिचा आवाज फुटला आणि तिला त्याचा भयंकर संकोच वाटला. मोठ्या बाईंनी कागदी रुमालांची पेटी तिच्याकडे सरकवली, जशी ती स्वतः रोज आलेल्या माणसांकडे सरकवायची. असं कुणाच्याही बाबतीत होतं, त्या म्हणाल्या, होण्यात पाप नाही, पण त्याची किंमत आलेल्या माणसाने का द्यावी. आणि हे, त्या पानांवर हात ठेवून म्हणाल्या, नव्यांना मी दाखवणारच आहे. आता तर नक्कीच दाखवणार. तुझी हरकत नसेल तर.

तिची हरकत नव्हती. निदान तिने तसं सांगितलं.

पुढच्या गुरुवारी तिने काकांसमोर पहिला मुद्दा मांडला तो निरोपाचा. आडपडदा न ठेवता सांगितलं की ही गोष्ट काही आठवड्यांपूर्वीच काढायला हवी होती, उशीर माझ्याकडून झाला, तुमच्यात काही दिसलं म्हणून नाही. कारण मात्र तिने सांगितलं नाही, ते त्यांच्या डोक्यावर घालायचं नव्हतं. मग दोघांनी मिळून तो अर्धा राहिलेला विचार घेतला. 'अजून बोलावतायत म्हणजे काहीतरी दिसत असणार.' विश्वास सत्तर टक्के. बाजूचा पुरावा एकच होता, आणि तो आता गळून पडला होता. विरुद्ध बाजूला काका बोलत गेले आणि ती लिहीत गेली. शेवटी त्यांनी पंधरा टक्के सांगितले. पंधरा का, शून्य का नाही, तिने विचारलं, तर म्हणाले, थोडी भीती जवळ असलेली बरी, कवळी अगदी घट्टही बसवायची नसते, टोचते. गृहपाठ ठरला, पुढच्या गुरुवारी पत्ते. शेवटची भेट त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी.

त्या मंगळवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. बेरीज चार. गृहपाठ झाला होता. डावात ते सपाटून हरले होते आणि ते सांगताना त्यांचा आनंद मावत नव्हता. येत्या गुरुवारी उट्टं काढायचंय, म्हणाले.

तिने कोरं पान काढलं आणि विचारलं, आज काय काय घ्यायचं? या वेळी ती गप्प बसून राहिली. गप्प बसणं तिला जड गेलं. काका छताकडे बघून म्हणाले, एक, पुन्हा उदास वाटायला लागलं तर आधी काय दिसेल आणि मी काय करायचं, हे लिहून द्या. लिहून घेऊ या, ती म्हणाली, तुमच्या हाताने. बरं. दोन, मुलगी पुढच्या महिन्यात राहायला ये म्हणते, तिथे किती दिवस राहू. तिने दोन्हींपुढे 'आ' घातलं. तिसरं काही?

काकांनी खुर्ची आणखी थोडी तिरकी केली.

"तिसरा मुद्दा, तुमचं कसं चाललंय?"

ती हसली. हसू पुरं व्हायच्या आत तिला कळलं की डोळे दगा देणार आहेत, म्हणून तिने पानाकडे पाहिलं. मग सांगितलं की काका, ही वेळ तुमची आहे, हा मुद्दा इथे घेता येत नाही.

"नियम आहे का?"

"हो."

काकांनी विचार केला. "पण मांडला तर मीच ना? मग लिहायला पाहिजे. तुम्हीच म्हणता, जे मांडलं ते लिहायचं."

तिने लिहिलं. तीन, समुपदेशकाची विचारपूस, आ. मग ते पहिल्या दोन मुद्द्यांना लागले. धोक्याच्या खुणा काकांनी आपल्या थरथरत्या अक्षरात लिहिल्या. फोन उचलावासा वाटत नाही. भाजी दारावरच्याकडून घेतो. 'ओझं' हा शब्द मनात येतो. प्रत्येक खुणेपुढे काय करायचं तेही लिहिलं. मुलीकडे आठ दिवस राहायचं ठरलं, नववा दिवस तिने आग्रह केला तरच. तीन महिन्यांनी एकदा खुशाली कळवायला यायचं. घड्याळ त्यांच्या डोक्यामागे पुढे सरकत होतं आणि ते फक्त तिलाच दिसत होतं. वेळ होत आली तेव्हा तिने नेहमीप्रमाणे विचारलं, आजच्यातलं काही खटकलं, काही राहिलं?

"तिसरा राहिला," काका म्हणाले. ते उठले, कॉलर नीट केली. "असू दे. लिहा, वेळ उरला नाही."

दार लागलं. तिने पान पुढे ओढलं आणि तिसऱ्या मुद्द्यापुढे लिहिलं, वेळ उरला नाही. त्या पानावरचं तेवढंच एक वाक्य खोटं होतं, पण ते काकांचे शब्द होते, आणि माणसाचे शब्द ती गाळत नसे.

गुरुवारी पाचला एक नवी बाई आली. पदर बोटाला गुंडाळत, डोळे जमिनीत. चौकटताईने पहिलं पान उघडलं, अजेंडा विचारला, आणि बाई जे म्हणाली त्यापुढे 'आ' लिहिलं. काम नेहमीसारखं झालं. कुठेतरी काका पत्ते पिसत असतील, हे एकदाच मनात आलं आणि तिने ते येऊ दिलं.

घरी आल्यावर टीव्हीचा रिमोट हातात घेतला आणि परत ठेवला. घर इतकं शांत होतं की तिला ते सोसेना. टेबलावर वाणसामानाची पावती पडली होती. तिच्या पाठीमागे तिने पेनाने लिहिलं, 'मी मधल्याच दिवशी फोन केला तर धाकटीला लुडबूड वाटेल.' लिहून झाल्यावर वाचलं. ऐंशी टक्के. काय होईल, तर दोन मिनिटांत म्हणेल, चल, ठेवते. दुसऱ्या कुणी तिच्यापुढे हे वाक्य ठेवलं असतं तर ती त्याला मुळीच सोडणार नव्हती. तिने फोन लावला.

बराच वेळ वाजत राहिला. ठेवणार एवढ्यात धाकटीने उचलला. मागे भांड्यांचा आवाज, मुलांची कशावरून तरी जुंपलेली.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही."

"गुरुवारी फोन केलास म्हणून विचारलं. बरी आहेस ना?"

नेहमीचं उत्तर ओठांवर तयार होतं. हो गं, मजेत. चौकटताईने ते गिळलं.

"नाही," ती म्हणाली. "फार एकटं वाटतंय मला. आई गेल्यापासून."

पलीकडे भांडी वाजायची थांबली. चौकटताईने डोळे मिटून घेतले आणि 'चल, ठेवते' या शब्दांची वाट पाहत राहिली.

"थांब हां," धाकटी म्हणाली. "ठेवू नकोस. गॅस बंद करून येते."

फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला. पावलं लांब गेली, मुलांना दटावणं ऐकू आलं, एक दार लागलं. चौकटताई पेन खाली ठेवून, फोन कानाला घट्ट लावून, बहिणीच्या रिकाम्या स्वयंपाकघराचा आवाज ऐकत बसली.